नोकरी करताना सीए फायनल द्यायचीय? परीक्षेची रजा कधी, कशी आणि कोणत्या पुराव्यासह मागायची?

आर्टिकलशिप संपली, फायनलचा एक ग्रुप राहिला आणि घरखर्चासाठी नोकरी धरली. पुण्या-मुंबईच्या अकाउंट्स विभागांत 'सेमी क्वालिफाइड' म्हणून काम करणारी अशी मुलंमुली कितीतरी सापडतील. त्यांच्यासमोर अभ्यासाइतकाच अवघड एक प्रश्न असतो, साहेबांकडे रजा मागायची कधी? लवकर मागितली तर "अजून हॉल तिकीट कुठे आलंय?" असं ऐकावं लागतं आणि हॉल तिकीट आल्यावर मागितली तर "आता ऐनवेळी सांगताय?" असं.

हा पेच खराच आहे. सीए परीक्षेचं प्रवेशपत्र साधारण दोन आठवडे आधी हातात पडतं, तर बहुतेक कंपन्यांना लांबच्या रजेची सूचना त्याच्या बरीच आधी हवी असते. त्यामुळे एकदाच अर्ज करून हे काम होत नाही. रजा दोन टप्प्यांत मागावी लागते आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा पुरावा जोडावा लागतो. हे कसं करायचं, ते सप्टेंबर २०२५ च्या परीक्षेच्या खऱ्या तारखा घेऊन पाहू.

परीक्षेची रजा हा कायदेशीर हक्क आहे का?

खासगी नोकरीत नाही. महाराष्ट्रातल्या दुकानं आणि ऑफिसांना लागू असलेल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 'परीक्षा रजा' असा प्रकारच नाही. त्यात आहे ते असं : वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा म्हणजे सीएल, जी दर तिमाहीला थोडी थोडी खात्यात जमा होते आणि वर्षअखेर उरली तर बाद होते. शिवाय वर्षात किमान २४० दिवस काम केलं असेल तर कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा, म्हणजे ईएल किंवा पीएल. ही रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

छोट्या आस्थापनांना हा कायदा बहुतांशी लागू होत नाही. व्यवस्थापकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदावर असलेल्यांनाही नाही. पदाच्या नावात 'मॅनेजर' असेल तर नेमणूकपत्र आणि कंपनीचं रजा धोरण हाच आधार. कारखान्याच्या आवारातल्या ऑफिसात काम असेल तर २०२५ च्या त्या परीक्षेवेळी कारखाने कायदा पाहावा लागत असे. त्यात अर्जित रजेचा अर्ज किमान १५ दिवस आधी लेखी द्यावा, असं म्हटलेलं होतं.

काही कंपन्या स्वतःहून 'एक्झाम लीव्ह' देतात, पण बऱ्याचदा ती फक्त पेपरच्या दिवसापुरती असते. म्हणून धोरणात तो शब्द दिसला तरी दोन गोष्टी वाचून घ्याव्यात. अभ्यासाचे दिवस त्यात मोजतात का? आणि सीएसारख्या बाहेरच्या संस्थेच्या परीक्षेला ती लागू आहे का? थोडक्यात, बहुतेकांना परीक्षेची रजा आपल्याच शिलकी रजेतून उभी करावी लागते.

(आर्टिकलशिप चालू असलेल्यांना मात्र हे लागू नाही. त्यांच्या रजेचे नियम आयसीएआयचे आहेत आणि ते वेगळे आहेत.)

आधी तारखा मांडा, मग आकडा सांगा

२०२५ पासून सीए फायनल वर्षातून तीनदा होऊ लागली : जानेवारी, मे आणि सप्टेंबर. सप्टेंबर २०२५ मध्ये पहिल्या ग्रुपचे पेपर ३, ६ आणि ८ तारखेला होते. बुधवार, शनिवार आणि सोमवार.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह असलेली तरुणी हा ग्रुप देतेय. शनिवार-रविवार सुट्टी, पगार महिना ३६,००० रुपये. तिला विचारलं तर ती पटकन म्हणेल, "पंधरा दिवस रजा हवीय." साहेबांच्या कानावर हा आकडा पडला की संभाषण तिथेच संपतं.

कॅलेंडर उघडून पाहिलं तर चित्र बदलतं. तीनपैकी एक पेपर शनिवारी आहे, म्हणजे पेपरसाठी जाणारे कामाचे दिवस दोनच, ३ आणि ८ सप्टेंबर. मधले ४ आणि ५ हे दोन दिवस पुढच्या पेपरच्या उजळणीसाठी. त्याआधीच्या अभ्यासासाठी तिला २५ ऑगस्टपासून सुट्टी हवी आहे. त्यात २७ ऑगस्टला गणेश चतुर्थीची सुट्टी आणि एक शनिवार-रविवार येतो. ते वगळता २५, २६, २८, २९ ऑगस्ट आणि १, २ सप्टेंबर असे सहा दिवस. एकूण रजा दहा दिवसांची.

आता शिल्लक. गेल्या वर्षीच्या कामावर तिला १२ दिवस ईएल मिळाली होती, त्यातली ४ वापरली, ८ उरली. सीएलचे तीन तिमाहींचे मिळून ६ दिवस जमा झाले, ३ वापरले, ३ उरले. बेरीज ११, म्हणजे दहा दिवस सहज बसायला हवेत. पण अडचण अशी की अनेक कंपन्यांत सीएल आणि ईएल एकमेकांना जोडून घेता येत नाहीत. तिच्या कंपनीतही तोच नियम असेल तर सलग रजा आठच दिवसांची होते.

मग २५ आणि २६ ऑगस्ट सोडून द्यायचे. २८ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंतचे कामाचे दिवस मोजा : २८, २९, १, २, ३, ४, ५ आणि ८. बरोबर आठ. गणेश चतुर्थीची सुट्टी जमेला धरली तर २७ तारखेपासूनच ती घरी आहे. दोन दिवस कमी मागितल्यामुळे सगळी रजा पगारी झाली आणि मागणीही आटोपशीर दिसते.

इथे एक खड्डा आहे, 'सँडविच' नियम. रजेच्या मध्ये आलेल्या साप्ताहिक सुट्ट्याही रजा म्हणून धरायच्या, असं काही कंपन्यांच्या धोरणात असतं. तसं असेल तर ३०, ३१ ऑगस्ट आणि ६, ७ सप्टेंबर हे चार दिवस आठांत मिळून बारा होतात आणि चार दिवसांचा पगार कापला जातो. (कारखाने कायद्याखालची अर्जित रजा मात्र सुट्ट्या वगळून मोजायची असे.) हे पगाराची स्लिप हातात पडल्यावर कळण्यापेक्षा अर्ज करतानाच एचआरला मेलवर विचारलेलं बरं.

साहेबांचं कॅलेंडरही पाहा

अकाउंट्समधल्या माणसाला रजा नाकारली जाते त्यामागे बहुतेक वेळा खुन्नस नसते, तारीख असते. दर महिन्याच्या ७ तारखेला आधीच्या महिन्याचा टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला जीएसटीआर-३बी. सप्टेंबरमध्ये त्यात १५ तारखेचा आगाऊ कराचा हप्ता येतो आणि एरवी महिनाअखेरची टॅक्स ऑडिटची मुदतही. सप्टेंबरचा अटेम्प्ट म्हणजे अकाउंट्स विभागाच्या ऐन धामधुमीतली परीक्षा.

आपल्या उदाहरणातल्या तरुणीची रजा नेमकी ऑगस्टची पुस्तकं बंद करण्याच्या आठवड्यात येते. साहेबांचा खरा आक्षेप हाच असणार. ७ सप्टेंबर २०२५ ला रविवार होता, म्हणजे टीडीएसचं चलन शुक्रवारी ५ तारखेलाच भरून मोकळं होणं शहाणपणाचं, आणि ५ ला ती रजेवर आहे. मग हे काम कोण करणार, याचं उत्तर अर्जातच हवं : २६ ऑगस्टपर्यंत आलेल्या बिलांच्या नोंदी आणि टीडीएसचा तक्ता ती पूर्ण करून देईल, उरलेल्या चार-पाच दिवसांची भर आणि चलन अमुक सहकारी पाहील. त्या सहकाऱ्याला आधी विचारलेलं असावं, हे वेगळं सांगायला नको. पण नेमकं तेच राहून जातं आणि मीटिंगमध्ये तो म्हणतो, "मला कुठे माहितीय?"

जीएसटीआर-१ ची चिंता नाही. ती ९ तारखेला, मंगळवारी कामावर हजर होतेय आणि हातात तीन दिवस आहेत. हेही अर्जात लिहावं. 'कामावर हजर होण्याची तारीख' ही ओळ रजेच्या पहिल्या दिवसाइतकीच महत्त्वाची असते.

पहिला टप्पा : फॉर्म भरला की लगेच

सप्टेंबरच्या परीक्षेचे फॉर्म जुलैमध्ये भरले जातात. त्याआधी आयसीएआय वेळापत्रकाची अधिसूचना काढते. म्हणजे परीक्षेच्या दीड महिना आधी हातात दोन कागद असतात : अधिकृत वेळापत्रक आणि परीक्षा फॉर्म भरल्याची, शुल्क जमा झाल्याची पावती. प्रवेशपत्र नसलं तरी पूर्वसूचना द्यायला एवढं पुरेसं आहे. वेळापत्रक परीक्षेच्या तारखा दाखवतं आणि पावती ती परीक्षा तुम्ही देताय हे दाखवते. दोन्हींपैकी एकच जोडलं तर पुरावा अर्धाच राहतो. कोचिंग क्लासच्या पोस्टरवरचं वेळापत्रक जोडू नये, मूळ अधिसूचनेची पीडीएफ जोडावी.

तोंडी सांगितलं असलं तरी मेल हवाच. साहेब बदलतात, विसरतातही. मजकूर साधारण असा :

> विषय : सीए फायनल परीक्षेसाठी अर्जित रजा – २८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २०२५ (कामाचे ८ दिवस)
>
> महोदय,
>
> मी सीए फायनलच्या पहिल्या ग्रुपची परीक्षा देत आहे. पेपर ३, ६ आणि ८ सप्टेंबर रोजी दुपारी आहेत. त्यासाठी २८ व २९ ऑगस्ट आणि १ ते ५ व ८ सप्टेंबर असे कामाचे ८ दिवस अर्जित रजा मंजूर करावी, ही विनंती. माझ्या खात्यात ८ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. मी मंगळवार, ९ सप्टेंबर रोजी कामावर हजर होईन.
>
> ऑगस्टच्या टीडीएसचा तक्ता मी २६ ऑगस्टपर्यंत पूर्ण करून देईन. पुढील काम (सहकाऱ्याचं नाव) पाहतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. जीएसटीआर-१ चं काम मी परतल्यावर करेन.
>
> सोबत परीक्षेचं अधिकृत वेळापत्रक आणि फॉर्म भरल्याची पावती जोडली आहे. प्रवेशपत्र मिळताच पाठवेन. परीक्षेच्या तारखा बदलल्यास त्याच दिवशी कळवेन.
>
> मंजुरी या मेलवर कळवावी, ही विनंती.

ऑफिसचा पत्रव्यवहार इंग्रजीत असेल तर क्रम हाच ठेवून इंग्रजीत लिहा. घरची परिस्थिती, हा कितवा अटेम्प्ट आहे, गेल्या वेळी किती गुणांनी हुकलं, यातलं काहीही लिहायची गरज नाही. रजेची नोंद एचआरच्या पोर्टलवर करायची असेल तर तीही करावी आणि हाच मेल तिथे जोडावा. अनेक ठिकाणी मेलवरची मंजुरी पगाराच्या प्रणालीत जातच नाही आणि महिनाअखेरीला 'गैरहजर' असा शेरा पडतो.

उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली, असं समजू नये. आठवड्याने त्याच मेलला पुन्हा उत्तर पाठवावं, नवा मेल सुरू करू नये. म्हणजे पहिली तारीख खाली दिसत राहते.

दुसरा टप्पा : प्रवेशपत्र पाठवताना एक आकडा झाका

प्रवेशपत्र आलं की आधी स्वतः तपासावं. ग्रुप, माध्यम, पेपरच्या तारखा आणि केंद्राचा पत्ता. मग ते त्याच मेलला जोडून पाठवावं.

पण पाठवण्याआधी थांबा. सीएचा निकाल icai.nic.in वर पाहायला नोंदणी क्रमांक आणि रोल नंबर लागतो. हे दोन्ही प्रवेशपत्रावर असतात. म्हणजे संपूर्ण प्रवेशपत्र ज्याच्याकडे गेलं, त्याला निकालाच्या दिवशी तुमचे विषयवार गुण तुमच्याआधीही पाहता येतील. नापास झालात तर ते कोणाला सांगायचं, हा निर्णय तुमचा राहत नाही. काही ऑफिसांत निकालाच्या दुपारी हेच घडतं.

रजेच्या मंजुरीसाठी एचआरला नाव, फोटो, परीक्षेचं नाव, केंद्र आणि तारखा एवढंच लागतं. म्हणून नोंदणी क्रमांक झाकावा आणि मेलमध्ये तसं मोकळेपणाने लिहावं : "नोंदणी क्रमांक गोपनीयतेसाठी झाकला आहे, पडताळणीसाठी मूळ प्रत दाखवू शकेन." घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर दिसत असेल तर तोही झाकलेला चालतो. तारखा, नाव किंवा केंद्राला मात्र हात लावू नये. प्रवेशपत्रात फेरफार केल्याचा संशय आला तर रजेचा प्रश्न शिस्तभंगाचा होतो.

झाकतानाही एक चूक होते. फोनमधल्या मार्करने वरवर काळी रेघ ओढली की खालचे आकडे पुसट दिसत राहतात आणि ब्राइटनेस वाढवल्यावर वाचताही येतात. पीडीएफवर काढलेला काळा चौकोन तर काही वेळा सरकवताच येतो. भरीव काळा चौकोन टाकून त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तोच पाठवावा.

परीक्षा दिल्याचा पुरावा नंतर मागतील का, हेही आताच विचारून घ्यावं. काहींना प्रवेशपत्र पुरतं, काहींना नंतरची गुणपत्रिकाही हवी असते. गुणपत्रिका मागितली तर उपस्थितीसाठी विषयवार गुण लागत नाहीत, ते झाकून देऊ का, असं विचारता येतं.

नाही म्हणाले तर?

"जमणार नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "हे सगळे दिवस जमणार नाहीत" असा असतो. म्हणून कोणत्या तारखेला अडचण आहे, ते विचारावं. १ आणि २ सप्टेंबरला क्लोजिंगसाठी माणूस हवा असेल तर ते दोन दिवस अर्धा दिवस काम, हा मार्ग निघू शकतो. पेपर दुपारी २ वाजता सुरू होतो आणि प्रश्नपत्रिका वाचायला १५ मिनिटं आधी मिळते, त्यामुळे पेपरच्या दिवशी "सकाळी येऊन जा" अशीही सूचना येते. ती मान्य करण्याआधी केंद्र कुठे आहे ते पाहावं. त्या वेळी ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी पुण्याच्या मध्यवस्तीतून वेळेवर केंद्रावर पोहोचायचं म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको.

शिल्लक रजाच नसेल तर बिनपगारी रजा मागता येते. ३६,००० रुपये पगाराला ३० ने भागलं तर दिवसाला १,२०० रुपये कापले जातील. २६ ने भागणाऱ्या कंपनीत तोच आकडा सुमारे १,३८५ होतो. पेपरच्या दोन दिवसांचीच बिनपगारी रजा घेतली तर २,४०० ते २,७७० रुपयांचा प्रश्न आहे. तो आधीच मोजलेला असला की बोलणी सोपी होतात.

दुकाने व आस्थापना कायद्यात एक तरतूद कमी लोकांना माहीत असते. हक्काची अर्जित रजा १५ दिवस आधी मागूनही मालकाने नाकारली आणि त्यामुळे साठा ४५ दिवसांच्या वर गेला, तर वरच्या दिवसांचे पैसे मागता येतात. परीक्षेला त्याचा थेट उपयोग नाही, पण अर्जावर तारीख असण्याचं आणखी एक कारण मिळतं.

एक रस्ता मात्र टाळावा. खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन आजारपणाची रजा घेणं. केंद्राबाहेर काढलेला एक सेल्फी किंवा निकालानंतर पेढे वाटताना निघालेली परीक्षेची तारीख, एवढ्यावर ते उघडं पडतं. रजा नाकारली गेली तर फार तर एक अटेम्प्ट जातो, खोट्या प्रमाणपत्राने नोकरीच जाऊ शकते.

तारखा मध्येच बदलल्या तर?

हे दर वर्षी होत नाही, पण होतं. मे २०२४ चं वेळापत्रक लोकसभा निवडणुकीमुळे बदललं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावामुळे ९ ते १४ मे दरम्यानचे पेपर पुढे ढकलले गेले आणि ते १६ ते २४ मे या काळात झाले. ज्यांनी १४ तारखेपर्यंतच रजा घेतली होती, त्यांना परीक्षेच्या मध्यावर नव्याने रजा मागावी लागली.

अशा वेळी जुनी रजा आपोआप पुढे सरकत नाही. न वापरलेले दिवस रद्द करण्याचा आणि नव्या दिवसांचा, असे दोन्ही अर्ज एकाच मेलमध्ये करावेत. मधल्या दिवसांत कामावर येणार का, तेही स्पष्ट लिहावं. घरी थांबून अभ्यास करायचा असेल तर ते दिवस रजेतच जातात.

सुट्टी जाहीर झाली म्हणून पेपर पुढे गेला, असं मात्र समजू नये. परीक्षेच्या काळात एखाद्या दिवशी केंद्राने किंवा राज्याने सार्वजनिक सुट्टी जाहीर केली तरी वेळापत्रक बदलणार नाही, असं आयसीएआयच्या अधिसूचनेतच लिहिलेलं असतं. आणि बदल झालाच तर तो आपल्या शहराला लागू आहे का, ते पाहावं. सप्टेंबर २०२५ मध्ये पुरामुळे ३ आणि ४ तारखेचे पेपर पंजाबमधल्या काही शहरांत आणि जम्मूत पुढे ढकलले गेले. पुण्यात ३ तारखेचा पेपर ठरल्या वेळीच झाला. व्हॉट्सॲपवर "सीएचे पेपर पोस्टपोन" एवढंच फिरत असेल तर साहेबांना तो मेसेज फॉरवर्ड करू नये. icai.org वरची घोषणा उघडून त्यातली शहरांची यादी वाचावी आणि आपलं केंद्र त्यात असेल तरच ती पीडीएफ जोडून नव्या तारखा कळवाव्यात.